गोवराशी संपर्क आलेल्या तान्ह्या बाळासाठी ‘नववा महिना लागू दे’ हे उत्तर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर, चंदगड आणि निपाणी भागातल्या आई-बापांसाठी, आणि त्यांच्याहून जास्त आमच्या छोट्या दवाखान्यांसाठी हे पत्र लिहिते आहे. मी आरोग्य खात्यातून निवृत्त झालेली सिस्टर आहे. अजूनही गल्लीतल्या लेकी-सुना बाळ घेऊन विचारायला येतात. मागे अशाच दोन घरांवर एकाच दवाखान्यातून प्रसंग ओढवला. त्यांना जे सांगितलं गेलं ते अर्धवट होतं, आणि तेच उत्तर मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

शनिवारी सकाळी एका खाजगी दवाखान्यात ताप, सर्दी, लाल डोळे आणि चेहऱ्यावर पुरळ असलेला एक मुलगा तपासून गेला. तो गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने, साडेअकराच्या सुमारास, त्याच बाकड्यांवर दोन बाळं येऊन बसली. एक चार महिन्यांची मुलगी, दुसरा सात महिन्यांचा मुलगा. सोमवारी संध्याकाळी बातमी फिरली की त्या मुलाला गोवर असावा. दोन्ही आया घाबरून दवाखान्यात गेल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, “गोवराची लस नऊ महिन्यांनंतर असते. आता काही करता येत नाही, बाळावर लक्ष ठेवा.”

आमच्या नियमित वेळापत्रकात गोवर-रुबेलाची लस नऊ महिन्यांनी आणि मग सोळा ते चोवीस महिन्यांत असते, हे खरं. पण संपर्क आल्यानंतर करायच्या उपायांना हे वेळापत्रक लागू होत नाही. तिथे दोनच गोष्टी बघायच्या: बाळाचं वय काय, आणि संपर्काला किती तास झाले.

“तो मुलगा निघून गेल्यावर आम्ही आलो, मग संपर्क कसला?” असं एका आजीबाईंनी मला विचारलं. गोवराचा विषाणू बंद खोलीच्या हवेत रोगी गेल्यावरही दोन तासांपर्यंत राहू शकतो. पंखा चालू, खिडकी बंद, माणसं दाटीवाटीने बसलेली, अशी आमची वेटिंगची खोली त्याला पुरेपूर सोयीची. शिवाय रोगी पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून ते उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत रोग पसरवतो. म्हणून नुसता ताप-खोकला असलेलं मूलही तेव्हा गोवर पसरवत असू शकतं. घड्याळ मोजायचं ते बातमी कळल्यापासून नव्हे, तर बाळ त्या खोलीत गेलं तेव्हापासून.

सात महिन्यांच्या मुलाचं सोपं होतं, फक्त वेळ कमी होता. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला संपर्कानंतर 72 तासांच्या आत गोवराची लस दिली तर रोग टळू शकतो किंवा सौम्य होतो. शनिवारी साडेअकराला धरलं तर ही मुदत मंगळवारी साडेअकराला संपत होती. आमच्याकडे लसीकरणाचा ठरलेला वार गुरुवार. आईला कुणीतरी “गुरुवारी आणा” म्हणालंही होतं. गुरुवारी लस दिली असती तर पुढच्या आयुष्यासाठी ती वाया गेली नसती, पण या संपर्कासाठी तिचा भरवसा उरला नसता. मी तालुका आरोग्य कार्यालयाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन करायला लावला. मंगळवारी सकाळी दहाच्या आत त्याला लस मिळाली.

इथे एक अडचण नेहमी येते. गोवर-रुबेलाच्या एका कुपीत अनेक डोस असतात. एकदा पावडरीत पाणी मिसळलं की ती चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकावी लागते. एका बाळासाठी कुपी फोडायला सिस्टरचा हात अडखळतो, मलाही ते माहीत आहे. पण संपर्कात आलेल्या बाळासाठी कुपी फोडायचीच. आईनेही संकोच न करता विचारावं की कुपी किती वाजता उघडली, तिच्यावर वेळ लिहिली आहे का. जानेवारी 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात, या लसीनंतर तीन बाळं दगावली होती. लस साठवण्यात आणि हाताळण्यात हलगर्जी झाल्याचं तेव्हा प्राथमिक चौकशीतून पुढे आलं होतं. लोकांच्या मनातून ती भीती अजून गेलेली नाही, आणि त्यासाठी मी कुणाला नावं ठेवणार नाही. नीट थंड ठेवलेली, वेळेत वापरलेली, बाळामागे नवी सुई घेऊन दिलेली लस सुरक्षित आहे. आणि हे तीनही मुद्दे आईला डोळ्यांनी बघता येतात.

ही लवकरची लस हिशेबात धरायची नाही. नवव्या महिन्याची आणि दीड वर्षाच्या सुमाराची, दोन्ही नंतर द्यायच्याच. फक्त या डोसनंतर किमान चार आठवडे जाऊ द्यायचे. आई-बाळाच्या नोंदींच्या तायी कार्डावर तारखेसह ‘संपर्कानंतरचा जादा डोस’ असं लिहून घ्यावं, नाहीतर पुढच्या खेपेला सिस्टर “झाली आहे” म्हणून परत पाठवेल. सीमाभागात ही चूक फार सहज होते, कारण बाळंतपण माहेरी चंदगड-गडहिंग्लजला आणि पुढची लसीकरणं सासरी खानापूर-बेळगावात, अशी नोंद दोन राज्यांत फाटलेली असते.

चार महिन्यांच्या मुलीला मात्र लस देऊन उपयोग नव्हता. सहा महिन्यांखालच्या बाळात आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे आणि त्याच्या कोवळ्या प्रतिकारशक्तीमुळे लस नीट लागू पडत नाही. मग आईच्याच प्रतिपिंडांवर भरवसा ठेवून बसावं का? आईला स्वतःला गोवर होऊन गेला असेल तर बाळाला थोडं संरक्षण मिळतं, लस घेतलेल्या आईकडून त्याहून कमी, आणि तेही महिन्यांगणिक उतरत जातं. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला तर फारच थोडं मिळालेलं असतं. म्हणून अशा बाळाला तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, म्हणजे नॉर्मल ह्यूमन इम्युनोग्लोबुलिन, संपर्कापासून सहा दिवसांच्या आत देतात. प्रमाण बाळाच्या दर किलो वजनामागे अर्धा मिलिलिटर, स्नायूत. ही मुलगी सहा किलोची, म्हणजे तीन मिलिलिटर, दोन मांड्यांत वाटून. तिची मुदत शुक्रवारी साडेअकराला संपत होती. सात महिन्यांच्या मुलाचेही 72 तास हुकले असते तर त्याच शुक्रवारपर्यंत त्याच्यासाठीही हाच मार्ग होता. लस आणि हे इंजेक्शन दोन्ही एकदम मात्र देत नाहीत, कारण इंजेक्शनातली प्रतिपिंडं लसीला निकामी करतात.

हे औषध तालुक्याच्या गावात सहसा मिळत नाही. मुलीच्या वडिलांनी मंगळवारचा पूर्ण दिवस मेडिकलच्या दुकानांत घालवला, आणि एका ठिकाणी त्यांच्या हातात धनुर्वाताचं इम्युनोग्लोबुलिन ठेवलं गेलं. नावातलं एक टोक सारखं असलं तरी धनुर्वात, रेबीज किंवा हेपॅटायटिस-बी चं इम्युनोग्लोबुलिन गोवरासाठी चालत नाही. शोधाशोध आई-बापांनी करायचीच नाही. बालरोगतज्ज्ञांनी बेळगावच्या मोठ्या रुग्णालयाला फोन करून साठा आहे का ते विचारावं, स्नायूत द्यायचं मिळत नसेल तर शिरेतून द्यायच्या प्रकाराचा निर्णय त्यांनीच घ्यावा, आणि मग बाळाला पाठवावं. या मुलीला बुधवारी दुपारी बेळगावात इंजेक्शन मिळालं. त्यानंतर गोवराची लस साधारण सहा महिने थांबून द्यायची असते, म्हणून तिची नवव्या महिन्याची लस दहाव्या महिन्यावर गेली. तेही कार्डावर लिहून घेतलं.

“आधी त्या मुलाचा रक्ताचा रिपोर्ट येऊ दे” असं म्हणून बरेच जण थांबतात. तो नमुना घ्यायलाच हवा, पण पुरळ उठल्यावर पहिल्या तीन दिवसांत घेतलेल्या रक्तात गोवर असूनही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, आणि रिपोर्ट हातात पडेपर्यंत बाळाची मुदत केव्हाच टळलेली असते. डॉक्टरांच्या डोळ्याला गोवर वाटतो आहे, एवढं बाळासाठी पावलं उचलायला पुरेसं आहे.

इंजेक्शन किंवा लस मिळाली म्हणजे धोका पूर्ण टळला असं नाही. संपर्कापासून 21 दिवस, आणि इम्युनोग्लोबुलिन दिलं असेल तर 28 दिवस, बाळाला अंगणवाडी, एस.टी., लग्न, जत्रा यांपासून दूर ठेवावं. इम्युनोग्लोबुलिनमुळे रोग उशिरा डोकं वर काढू शकतो, म्हणून हे जादा सात दिवस. सकाळ-संध्याकाळ ताप बघावा. अंगावरचं दूध बंद करू नये. घरातल्या मोठ्या भावंडांचे दोन डोस झाले नसतील तर त्यांनाही लगेच लस द्यावी. लस घेतलेल्या बाळाला साधारण आठवड्या-दीड आठवड्यानंतर लसीमुळेही थोडा ताप आणि बारीक पुरळ येऊ शकतं. ते लसीचं की गोवराचं हे घरी ठरवू नये, फोन करावा.

आणि फोनच करावा. बाळाला ताप किंवा पुरळ आलं की तडक दवाखान्यात जाऊन बसायचं नाही, नाहीतर पुढच्या बाकड्यावरच्या बाळाचा शनिवार सुरू होतो. आधी कळवावं, ओपीडी संपल्यावरची वेळ घ्यावी, बोलावेपर्यंत बाहेर झाडाखाली थांबावं. गोवर निघालाच तर डॉक्टर जीवनसत्त्व अ चे डोस लागोपाठ दोन दिवस देतात: सहा महिन्यांखाली 50,000 युनिट, सहा ते अकरा महिन्यांत एक लाख. ते घरच्या मनाने देऊ नयेत. ‘अंगावर बाहेर पडू दे’ म्हणून औषधोपचार लांबवूही नयेत. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला 50 किंवा अधिक झाला, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, दूध ओढेना, झटका आला किंवा बाळ सुस्त पडलं, तर 108 ला फोन करून थेट रुग्णालय गाठावं. फोनवरून येणाऱ्या रुग्णवाहिकेलाही ‘गोवराचा संपर्क आहे’ हे आधी सांगावं.

माझ्या माहितीतली दोन्ही बाळं त्या दिवसांतून सुखरूप बाहेर पडली. पण ती बाळं त्या दिवशी तिथे होती हे आम्हाला शेजारणींच्या बोलण्यातून कळलं, दवाखान्याकडून नव्हे. म्हणून माझी खाजगी डॉक्टरांना विनंती आहे: ओपीडीच्या वहीत नावासोबत मोबाइल नंबर, बाळाचं वय आणि येण्याची वेळ लिहावी. गोवराचा संशय आल्याबरोबर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावं, आणि तो रुग्ण तिथे असताना व तो गेल्यानंतर दोन तासांत आलेल्या एक वर्षाखालच्या प्रत्येक बाळाच्या घरी त्याच दिवशी फोन करावा. घर चंदगडचं असेल तर तिकडच्या आरोग्य केंद्रालाही. आणि जिल्हा आरोग्य कार्यालयाने इम्युनोग्लोबुलिन जिल्ह्यात कुठे मिळेल, ते कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवावं.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका, खानापूर