फलाट कळला, पण डबा कुठे थांबणार?

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्यांमध्ये स्टेशनवर जी पळापळ चालते ती बघवत नाही म्हणून लिहितोय. मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या एका स्टेशनवर डब्यांचे इंडिकेटर बंद होते, गाडी लागली तेव्हा एक आजी दोन पिशव्या आणि नातू घेऊन S5 च्या शोधात आधी पुढे पळाल्या, मग कोणीतरी "मागं मागं" म्हटल्यावर उलट्या मागे. गाडी दोनच मिनिटं थांबते हो. शेवटी मिळेल त्या डब्यात लोकांनी त्यांना ओढून घेतलं.

आता कोणी म्हणेल NTES ॲपवर सगळं दिसतं की. दिसतं, फलाट पण दिसतो आणि डब्यांचा क्रम पण दिसतो, पण त्यातला फलाट हा अपेक्षित असतो. आधीची गाडी त्याच लाईनीवर अडकली की केबिनमधून दुसरी लाईन देतात आणि फलाट बदलतो, म्हणून ॲप बघून सामान घेऊन थेट खाली उतरून बसू नये, अनाऊन्समेंट होईपर्यंत पुलावर नाहीतर जिन्याजवळ थांबलेलं बरं, शेवटी तीच खरी.

खरा घोळ डब्याचा असतो. ॲपवरचा क्रम इंजिनपासून मोजलेला असतो आणि तो बहुतेक वेळा गाडी जिथून सुटते तिथला असतो. वाटेत इंजिन दुसऱ्या टोकाला लागलं की सगळं उलटं होतं, आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आपल्याकडचंच उदाहरण घ्या, कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस. मिरजेची लाईन पुणे स्टेशनात घोरपडीच्या बाजूने येते आणि दौंडकडे जाणारी लाईन पण त्याच बाजूने बाहेर पडते, त्यामुळे गाडी पुण्याला आली की इंजिन काढून मागच्या टोकाला लावावं लागतं. समजा गाडी बावीस डब्यांची आहे आणि कोल्हापूरहून निघताना S5 इंजिनपासून आठवा होता. पुण्यातून निघताना तोच डबा पंधरावा झाला (बावीसमधून आठ वजा करून एक मिळवायचा). म्हणजे सात डब्यांचा फरक, एक डबा साधारण साडेतेवीस मीटरचा धरला तर दीडशे मीटरच्या वर. सामान आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर एवढ्यातच दोन मिनिटं संपतात.

त्यात पुढे दौंड आहे. गाडीच्या वेळापत्रकात दौंड कॉर्ड लाईन लिहिलं असेल तर ती बाहेरच्या बाहेर मनमाडच्या लाईनीला लागते, इंजिन बदलत नाही, म्हणून पुढच्या सगळ्या स्टेशनांना पुण्यातला उलटा क्रमच राहतो. पण पुण्याकडून येणारी गाडी दौंड जंक्शनमध्ये जाऊन मनमाडकडे वळणार असेल तर इंजिन परत फिरतं आणि क्रम पुन्हा मूळचा होतो! तेव्हा अहिल्यानगर, कोपरगावकडच्या लोकांनी तिकीट काढतानाच वेळापत्रकात दौंडपुढे काय लिहिलंय ते बघून ठेवा.

हे जमलं की बाकी सोपंय. गाडी कुठून येणार ते बघा, जिकडे जाणार त्या टोकाला इंजिन, म्हणजे कोपरगावला मनमाडच्या बाजूला, आणि तिथून मागे डबे मोजत यायचं. गाडी लहान असेल तर इंजिन फलाटाच्या अगदी टोकाला जाईलच असं नाही, तेवढा अंदाज ठेवा. आणि गाडी फलाटात शिरताना मोबाईलमध्ये बघत बसू नका, डब्यांवरची अक्षरं वाचा. जनरलनंतर S1, S2 यायला हवे होते आणि तुमच्यासमोरून आधी A1, B1 गेले तर क्रम उलटा आहे, लगेच मागे वळा. तरी नाहीच पोचलात तर जवळच्या स्लीपरमध्ये चढून आतून चालत जा. जनरलमध्ये मात्र चढू नका, तिथून आत जायची वाट बऱ्याचदा बंद असते.

पण हे सगळं प्रवाशानेच का करायचं? इंजिन कुठे फिरणार हे रेल्वेला आधीपासून माहीत असतं. ॲपवर मी ज्या स्टेशनवर चढणार तिथला क्रम दाखवा ना, सुटायच्या स्टेशनचा नको. अनाऊन्समेंटमध्ये नुसतं "गाडी प्लॅटफॉर्म नंबर दोनवर येत आहे" एवढंच न सांगता जनरल कुठल्या टोकाला, स्लीपर मध्ये की मागे हेही सांगा, तेही गाडी यायच्या दहा मिनिटं आधी. आणि इंडिकेटर बंद असेल त्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी एका फळ्यावर खडूने क्रम लिहून ठेवा, छोट्या स्टेशनांवर तर नक्कीच.

आपला,
एक नियमित प्रवासी, कोपरगाव