बटाटे मी मागवलेत

ती. आई-बाबांना,
सा. न.

आधी रागावून घ्या. बाबांच्या फोनमध्ये भाजी-किराणा घरपोच मागवायचं ते ॲप मीच टाकलंय आणि पहिली ऑर्डरही दिलीय, शनिवारी येईल. पण तुमची कपिलतीर्थची मंडई मी बंद करत नाहीये. आईचा गुडघा आणि बाबांच्या हातातली ती दहा किलोची पिशवी, एवढंच मला बंद करायचंय.

गेल्या खेपेला मी आले तेव्हा तुमच्या नकळत हिशेब केला होता. बाबांनी आणलेली मेथीची पेंडी 15 रुपयांची. मुळं, माती, काड्या काढून आईने निवडली तेव्हा पानं भरली 190 ग्रॅम. ॲपवरचं पाकीट 250 ग्रॅमचं, 28 रुपयांना. त्यात पानं निघाली 140 ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅम पानं मंडईत आठ रुपयांना आणि ॲपवर वीसला! शिवाय पाकिटाला आतून घाम सुटलेला, तळाची पानं काळी पडलेली. मावशींनी वरून टाकलेली कोथिंबीर तर मी धरलीच नाही. तेव्हा पालेभाजीत आई जिंकली, मान्य.

बटाटे मात्र ॲपवर किलोमागे चार रुपयांनी स्वस्त होते. खरी मेख बिलाच्या खाली असते. मी दीडशेचीच ऑर्डर दिली, तर घरपोच आणण्याचे, हाताळणीचे आणि ऑर्डर लहान म्हणून, असे मिळून 55 रुपये वर लागले. बाबा म्हणतील, "बघ!" पण बाबा, आईला घेऊन रिक्षाने गेलात की येताजाता साठ जातातच की. ते तुम्ही भाजीच्या हिशेबात कधी धरत नाही.

म्हणून असं ठरवलंय (बरं, तुम्हाला पटलं तर). कांदे, बटाटे, तेल, आटा असलं जड सामान पंधरा दिवसांतून एकदाच मागवायचं, म्हणजे रक्कम मोठी होते आणि त्यातले बरेच आकार माफ होतात. पालेभाजी, वांगी, गवार बाबांनी सकाळी चालत जाऊन आणायची, दोन दिवसांपुरतीच. लहानपणी मी पिशवीचा एक बंद धरून तुमच्याबरोबर यायचे ना, तेवढ्याच वजनाची.

आता ऐका. पोरगा दारात असतानाच पिशवी उघडून बघा. नासकं निघालं तर लगेच फोटो काढून ॲपमध्येच तक्रार करा, दुसऱ्या दिवशी बहुधा कोणी ऐकत नाही. पैसे परत देतो म्हणून फोन आला तर ओटीपी सांगायचा नाही, ठेवून द्यायचा. आणि पालेभाजी कधी मागवलीच तर पाकिटातून काढून कोरड्या फडक्यात गुंडाळा.

शनिवारी पाच किलो बटाटे येतील. दार बाबांनी उघडायचं. आई, तू उठू नकोस गं.

तुमची,
चिमी