आजीच्या कार्डातल्या शुभेच्छा तुम्ही खोडल्यात, त्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तुमच्या छापखान्यात छापलेल्या कार्डांचे पैसे मी त्याच दिवशी दिले. पण मजकूर दुरुस्त करायला तुमचा अख्खा तास गेला, त्याचं तुम्ही काही घेतलं नाहीत. "मजकुराचं बिल लावायला लागलो तर अर्ध्या कराडकडं उधारी निघेल" म्हणालात आणि चहा मागवलात. म्हणून हे पत्र, चारचौघांना वाचता येईल असं.

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचं कार्ड छापायचं होतं. आत नातवंडांच्या वतीनं एक पान, आणि तेच कार्यक्रमात वाचायचं. मी पुण्याहून येताना एसटीत फोनवर मजकूर लिहिला होता. तुम्ही तो मोठ्यानं वाचलात: "प्रिय आजी, तुला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! तुझं आयुष्य आनंदाचं, सुखाचं जावो हीच शुभेच्छा. तू शतायुषी होवोस, आणि तुझे आशीर्वाद सदैव आमच्या पाठीशी राहोत." पुढं असंच आणखी अर्धं पान. वाचून झाल्यावर तुम्ही पडद्यावरचं आजीचं नाव अंगठ्यानं झाकलंत. "परवा एका नगरसेवकाचा फलक केला. त्याला हे जसंच्या तसं चाललं असतं." मग मोजून दाखवलंत. शुभेच्छा पाच, आनंद चार, आशीर्वाद चार. मला राग आला होता, आता सांगायला हरकत नाही.

मी लगेच हुशारी केली. तिथंच बसून पर्यायी शब्द शोधले आणि पाच शुभेच्छांच्या जागी पाच वेगळे शब्द भरले. तुम्ही एकेक वास घेतल्यासारखा वाचलात. 'सदिच्छा' म्हटलं की पुढाऱ्याची सदिच्छा भेट आठवते. 'अभीष्टचिंतन' पेपरातल्या फोटोखाली शोभतं, चुलीपुढं नाही. 'मनोकामना' नवसाच्या देवळाबाहेरची, 'शुभकामना' तर सरळ हिंदीतून आलेली. "शब्द बदललास, बोलणं तेच राहिलं," म्हणालात. आणि मग तो प्रश्न विचारलात, ज्यानं माझं काम झालं: "शुभेच्छा हा शब्द तुझ्या आजीच्या तोंडून कधी ऐकलायस?"

नव्हता ऐकला. आजी 'भलं होऊ दे' म्हणते, 'सुखानं ऱ्हावा' म्हणते, रागात असली तर 'देव बघून घेईल' म्हणते. शुभेच्छा ती देत नाही आणि तिला कुणी दिल्या तर काय करायचं हेही तिला कळत नाही. मागच्या वर्षी भावानं फोनवर 'हार्दिक शुभेच्छा' म्हटलं, तर तिनं विचारलं, "बरं, जेवलास का?"

तुम्ही म्हणालात, शुभेच्छा या एका शब्दाखाली आपण तीन वेगळी कामं ढकलतो. एक म्हणजे देवाजवळ मागणं. दुसरं, आपल्याला काय वाटतं ते सांगणं. तिसरं, समोरच्याला वाकून नमस्कार करणं. ही तिन्ही सुटी केली की प्रत्येकाला आपलं क्रियापद मिळतं आणि शुभेच्छा हे नाम लागतच नाही. देवाजवळचं मागणं 'लाभो', 'राहो', 'मिळो' असं ओकारानं येतं. आपल्या मनातलं 'तू बसावंस', 'आम्ही वाढावं' असं येतं. शाळेत यांना आज्ञार्थ आणि विध्यर्थ म्हणून मार्कांपुरतं पाठ केलं होतं. ते आजीशी बोलायला उपयोगी पडेल असं काही वाटलं नव्हतं.

शतायुषीवर तर आपलं भांडणच झालं. मी म्हटलं, इतका चांगला शब्द, का काढायचा? तुम्ही कागदावर १०० वजा ८१ लिहिलंत. "पंचविशीतल्या पोराला शंभर म्हणजे पुष्कळ. ८१ वर्षांच्या बाईला तू मोजून १९ उरली म्हणून सांगतीयस." त्या जागी तुम्ही 'उदंड' लिहिलंत. उदंडाला माप नाही. शिवाय 'शतायुषी व्हा', 'औक्षवंत हो' हे वरून खाली यायचे शब्द. आजीनं नातीला म्हणायचे. नातीनं आजीला म्हटले तर नातच पाटावर बसल्यासारखी वाटते.

आनंदाचं तुम्ही वेगळ्या रीतीनं सोडवलंत. शब्द सांगितलेच नाहीत. "ती कधी खूश झाली ते सांग, तीन वेळा सांग." पहिल्या पगारातून मी तिला इरकल लुगडं आणलं होतं, ते सांगितलं. तुम्ही म्हणालात, हा आनंद नव्हे, हे हरखणं. अचानक काही हातात आल्यावरचं, लहान पोराचं असतं तसं. मग बाबा दवाखान्यातून घरी आले ती संध्याकाळ सांगितली. ते निवणं. आधी पोळलेलं असल्याशिवाय माणूस निवत नाही, म्हणून हा शब्द वाढदिवसाच्या गोड गोड ओळीत नुसता टाकून चालत नाही, मागचा घोर सांगावा लागतो. तिसरं मला सुचेना. मग आठवलं, सगळ्यांची पंगत उठल्यावर आजी मागं एकटी जेवायला बसते आणि 'अगं, तुला भाजी उरली नाही' म्हटलं तर म्हणते, "मी भरून पावले." तुम्ही टायपिंग थांबवलंत. हा शब्द कोशात शोधायला जाऊ नकोस, जसा बोलली तसा घाल, असं म्हणालात. सुपाएवढा जीव, गगनात न मावणारा आनंद वगैरे मी पुढं केलं होतं, ते तुम्ही ऐकूनही घेतलं नाहीत. बरं केलंत.

राहिला आशीर्वाद. मी 'छत्रछाया' सुचवलं, तुम्ही खिडकीतून चौकातल्या फलकाकडं बोट दाखवलंत. तिथं ती छत्रछाया कुणाची तरी होतीच. मग विचारलंत, आजी आशीर्वाद देते म्हणजे हातानं काय करते? ती परीक्षेला निघताना हातावर दही देते, पाठीवरून हात फिरवते. आजारातून उठलं की मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढते. लग्नात नवरीच्या गालांवरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडते. यातलं एकच घे, म्हणालात, सगळं घातलंस तर विधींची यादी होईल. आणि शेवटी एक आशीर्वाद तुम्ही मुद्दाम ठेवलात. तो शब्द संपूर्ण गाळला तर आपण काहीतरी चुकवत फिरतोय हे वाचणाऱ्याला कळतं.

ज्यांनी कार्ड पाहिलं नाही त्यांच्यासाठी, तुमच्या हातून उतरलेला मजकूर असा:

ती. स्व. आजीस शि. सा. नमस्कार.
आज तुला ८१ वर्षं पूर्ण झाली. गुरुजी म्हणतात तू हजार पौर्णिमा पाहिल्यास. तू म्हणतेस, निम्म्या वेळा आभाळ भरलेलं होतं.
पहिल्या पगाराचं इरकल आणलं तेव्हा तू हरखलीस, घडी न मोडता अख्ख्या आळीला दाखवून आलीस. बाबा दवाखान्यातून आले तेव्हा उंबऱ्यातच त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकलास, आणि अकरा दिवसांनी पहिल्यांदा म्हणालीस, "आता जीव निवला." आमची पंगत उठल्यावर तू मागं बसतेस, आणि पातेलं रिकामं असलं तरी म्हणतेस, "मी भरून पावले." आज तू पहिल्या पंगतीला बसावंस आणि आम्ही वाढावं.
देवाजवळ आमचं मागणं एवढंच. तुला उदंड आयुष्य लाभो. जिना चढताना तुझ्या गुडघ्यांनी कुरकुरू नये. परीक्षेला निघताना हातावर दही देऊन तू पाठीवरून हात फिरवायचीस, तो हात तिथंच राहू दे. आशीर्वाद वेगळा मागत नाही. पाया पडायला वाकायच्या आतच तू तो देऊन मोकळी होतेस.
तुझी सगळी नातवंडं

'ती. स्व.' माझं नव्हतं, तेही तुमचंच. मी 'तीर्थरूप' लिहिणार होते. ते आईवडिलांना, आजीआजोबांना तीर्थस्वरूप, हे तुम्ही टाईप करता करता सांगितलंत. 'गुडघे कुरकुर न करोत' असं मी लिहिलं होतं. गुडघ्यांना कुणी आशीर्वाद देत नाही म्हणून तुम्ही ते 'कुरकुरू नये' केलंत. आणि हजार पौर्णिमांचा हिशेब मी नंतर घरी करून पाहिला. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस, म्हणजे हजाराला ८० वर्षं १० महिने लागतात. आजीच्या पौर्णिमा दोन महिन्यांपूर्वीच भरल्या होत्या. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग दोन म्हैनं आधीच जेवण घालायचं हुतं की."

कार्यक्रमाचं थोडक्यात सांगते. ८१ दिव्यांनी ओवाळताना ताट इतकं तापलं की धाकट्या काकूनं ते मध्येच खाली ठेवलं. मग मी पान वाचलं. इरकलापाशी आजी हसली. भाकरतुकड्यापाशी तिनं पदर डोळ्याला लावला, आणि बाबा उठून बाहेर गेले. मात्र पहिल्या पंगतीला बसायला ती तयार होईना. "लिवलंय त्येवढं बास," म्हणाली. शेवटी तुमचं नाव पुढं केलं. म्हटलं, छापलंय आता, खोटं ठरवलंस तर छापखानेवाल्या काकांची लाज जाईल. तेव्हा बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला गरम पुरणपोळी ताटात मिळाली असेल. दोन खाल्ल्या, वर तूपही मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला ते पान पुन्हा वाचायला लावलं, आणि 'भरून पावले'पाशी थांबवून विचारलं, "ह्ये मी म्हनलेलं त्येस्नी कुणी सांगितलं?"

या पत्रासोबत डबा पाठवते आहे. बेसनाचे लाडू आजीनं स्वतः वळलेत. वरचे दोन जरा सैल झालेत, ते आधी संपवा असा तिचा निरोप आहे. डबा परत द्यायला तुम्ही स्वतःच या, असाही आहे. तिला तुम्हाला बघायचंय.

तुमची,
पाच शुभेच्छावाली