आईची माळ आणि क्योतोचा मेनू

प्रिय मन्या,

पत्राला उशीर झाला म्हणून शिव्या देशील, दे. माझी पाठ आता ठीक आहे. लिहायला बसलोय ते आईसाठी, कारण तिची माळ म्हणजे काय हे तुला सांगावं लागत नाही.

आई ओसाकाला आलीय. परवा अव्या तिला क्योतो दाखवायला घेऊन गेला. दुपारी त्याने एका उदोन नूडल्सच्या दुकानातल्या मेनूचा फोटो पाठवला, वर मोबाईलने केलेलं भाषांतर. "किट्सुने उदोन, तळलेला टोफू. आईला चालेल ना?" भाषांतर अगदी बरोबर होतं, पण रस्सा कशाचा आहे ते मेनूत लिहितच नाहीत! तो दाशीचा, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या अर्काच्या पाण्याचा असतो, आणि दाशीत बहुतेक वेळा कात्सुओबुशी. म्हणजे बोनितो मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवायचा आणि रंध्यावर किसायचा. ते पापुद्रे पाण्यात घालून गाळून घेतात, त्यामुळे वाडग्यात मासा दिसत नाही.

अव्या म्हणे, ॲलर्जीचा तक्ता पाहिला, त्यात मासा नाही. अरे, त्या तक्त्यांत अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा असतात. बोनितो बहुधा नसतोच. शाकाहारी माणसासाठी तो तक्ता केलेलाच नाही. मी त्याला एकच प्रश्न लिहून दिला, "कात्सुओ दाशी हाइत्ते इमासु का?" मालकाने मान डोलावली, हो, घातलीय. मग बाकीचा फोटो मी ओळीने वाचला. पालकाची ओहिताशी दाशीत मुरवलेली. झारू सोबा नूडल्स कोरड्या दिसतात, पण त्या बुडवायच्या त्सुयूत तीच दाशी. भाज्यांच्या तेम्पुराच्या पिठात अंडं, आणि तेल कोळंबी तळतात तेच. उरलं काय? मीठ लावलेल्या एदामामेच्या शेंगा आणि काकडी घातलेली भाताची गुंडाळी, काप्पामाकी. आईने तेवढंच खाल्लं, आणि तक्रार केली नाही, हे मला जास्त लागलं. तुझ्या त्या केकच्या वेळी तीन दिवस बोलली नव्हती, आठवतंय? मी अजून म्हणतो, चूक तुझीच होती.

आता रविवारी मी स्वतः तिला आराशियामाला नेणार आहे. तेन्र्यू-जी मंदिराच्या आवारात शिगेत्सु आहे, तिथे झेन भिक्षूंचं शोजिन जेवण मिळतं. शोजिनची दाशी कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीची आणि वाळलेल्या शिताके अळंब्यांची. मासा नाही, परंपरेप्रमाणे कांदालसूणही नाही. चातुर्मासातसुद्धा चाललं असतं बघ. पण आईला अळंबी चालतील का? तिला विचारलं तर "तू म्हणशील ते" म्हणते, आणि मग ताटात तशीच ठेवते. तुझ्या घरी ती खायची का? आठवून कळव, रविवारच्या आत.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, पिंट्याच्या दहावीचं कळव.

तुझा,
बाळ्या