काकूंच्या बीपीच्या आकड्याबद्दल

नाशिक, पंचवटी
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

काल रात्री फोनवर तुझा आवाज ऐकला आणि दोन वर्षांपूर्वीचा मीच आठवलो. "काकूंचं बीपी 172 आलंय, आता काय करू?" तेव्हा घाईत जेवढं सुचलं तेवढं बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे नीट बसून लिहायला हवं, म्हणजे पुढच्या वेळी मशीनवर मोठा आकडा दिसला की कागद समोर राहील.

आधी आप्पांचं सांगतो. ते संध्याकाळी गोदाघाटावरून चालत आले, जिना चढले आणि चहा घेतला. मी नवंकोरं मशीन काढून त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, तोही सदऱ्याची बाही वर सरकवून. आप्पा पलंगावर पाय लोंबकळत बसले होते, हात मांडीवर, आणि घाटावर कोण भेटलं ते आईला सांगत होते. आकडा आला 178/98. मी लगेच पुन्हा घेतला, मग पुन्हा, आणि चौथ्या वेळी 184/102 आला. शेजारचे काका त्यांच्या स्वतःच्या गोळ्यांतली एक घेऊन आले आणि म्हणाले, जिभेखाली ठेवा, पटकन उतरेल. नशीब, आईने ठेवू दिली नाही. आम्ही रिक्षा करून दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी छातीत दुखतंय का, दम लागतोय का, हातापायाला मुंग्या किंवा अशक्तपणा आहे का, नीट दिसतंय का, सगळं विचारलं. आप्पांना यातलं काहीच नव्हतं. मग त्यांना लघवीला जाऊन यायला सांगितलं आणि वीस मिनिटं शांत खुर्चीत बसवलं. त्यानंतरचा आकडा होता 152/88.

औषधाचा एक थेंबही न देता वरचा आकडा बत्तीसने उतरला होता. मशीन खोटं बोललं नव्हतं. जिना, चहा, बोलणं, भरलेलं मूत्राशय, लोंबकळते पाय, खाली पडलेला हात आणि आमची घबराट, या सगळ्याचं मिळून ते माप होतं. हाताचंच बघ. दंड हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली असला तरी आकडा साधारण आठने चढतो. उलट हात उंच धरला तर तो तेवढाच उतरतो आणि आपण उगाच निश्चिंत होतो.

आता काकूंकडे येतो. तू सहज बोलून गेलास की "पट्टा जेमतेम बसतो, चिकटपट्टी सारखी सुटते." मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. बहुतेक मशीनसोबत येणारा पट्टा 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो, पट्ट्यावर तसं छापलेलंही असतं. काकूंचा दंड त्याहून जाड असेल तर लहान पट्टा खरं असतं त्यापेक्षा जास्त बीपी दाखवतो. उद्या शिवणाची टेप घे आणि खांदा व कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोज. बत्तीसच्या वर आला तर त्याच कंपनीचा मोठा पट्टा घ्यावा लागेल. मनगटावरचं मशीन मात्र घेऊ नकोस. त्यात हात जरा इकडेतिकडे झाला की आकडा बदलतो.

पट्टा बरोबर झाला की सात दिवस असं कर. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहा, नाश्ता आणि बीपीची गोळी यांच्या आधी काकूंना पाठ टेकेल अशा खुर्चीत बसव. पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक नाहीत. हात टेबलावर, खाली उशी, म्हणजे पट्टा छातीच्या मध्यावर येईल. पट्टा उघड्या दंडावर, कोपरापासून दोन बोटं वर. पाच मिनिटं टीव्ही नाही, गप्पा नाहीत. मग एक माप, एक मिनिट थांबून दुसरं. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा तसंच. चारही आकडे वहीत लिही. त्यातला बरा दिसेल तोच लिहायचा मोह होतो, आप्पा तेच करायचे. मग वहीचा उपयोग राहत नाही.

पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, कारण तेव्हा माणूस मशीनलाच बिचकलेला असतो. उरलेल्या सहा दिवसांचे चोवीस आकडे राहतात, त्यांची सरासरी काढ. आप्पांचा त्यातला एक दिवस सांगतो: सकाळी 142/86 आणि 138/84, संध्याकाळी 134/82 आणि 130/80. त्या दिवसाची सरासरी 136/83. सहा दिवसांची मिळून 137/83 आली. दवाखान्यात 140/90 ही रेषा धरतात, पण घरच्या मापासाठी ती 135/85 आहे, कारण घरी माणूस निवांत असतो. वरचा किंवा खालचा, एक आकडा जरी रेषेवर गेला तरी तो धरायचा. म्हणजे आप्पांचं बीपी खरंच वाढलेलं होतं, फक्त ते रात्री रिक्षा करून पळण्याइतकं नव्हतं. वही घेऊन आम्ही त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो आणि गोळी त्या वहीवरून ठरली.

काकूंना मधुमेह आहे, त्यामुळे त्यांचा आकडा किती खाली हवा ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचार. आणि नीट मापूनही वारंवार 160/100 च्या वर येत असेल तर सात दिवस पूर्ण व्हायची वाट बघू नकोस, एकदोन दिवसांत दाखव. जाताना मशीनही ने, त्यांच्या मशीनशी ताडून बघतील.

आता घाई कधी करायची ते. वरचा 180 किंवा खालचा 120 च्या पुढे गेला तर काकूंना पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा माप. तरी तेवढाच आला आणि त्रास काहीच नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. मनाने जास्तीची गोळी नाही, जिभेखाली तर मुळीच नाही. बीपी एकदम कोसळलं तर मेंदूचाच रक्तपुरवठा कमी पडतो, हे मला डॉक्टरांनी त्या रात्री समजावलं आणि शेजारच्या काकांची गोळी आठवून माझ्या अंगावर काटा आला. पण त्या आकड्यासोबत छातीत दुखणं, दम लागणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, अंधुक दिसणं किंवा भ्रमिष्टासारखं बोलणं असेल, तर पाच मिनिटंही थांबू नकोस, 108 ला फोन कर.

एक मात्र मशीनच्या पलीकडचं आहे. तोंड वाकडं झालं, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर मशीन काढूच नकोस. आकडा 140 असो की 200, तो पक्षाघात असू शकतो. त्रास सुरू झाल्याची वेळ लिही आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात ने. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे ती वेळ ते पहिल्यांदा विचारतील.

गोळी सुरू झाल्यावर काकूंना उठताना चक्कर येऊ लागली तर बसून एकदा आणि उभं राहिल्यावर एक मिनिटाने व तीन मिनिटांनी माप. वरचा आकडा वीसने उतरत असेल तर डॉक्टरांना कळव, पण गोळी परस्पर बंद करू नकोस.

उद्या दंडाचा घेर मोजलास की मला फोन कर. मशीनच्या मागचा मॉडेल नंबरही सांग, तिकडे पट्टा मिळाला नाही तर मी इथून बघून पाठवतो. काकूंना नमस्कार सांग. आई म्हणतेय, त्यांना पापड-लोणचं जरा हात राखून वाढ.

तुझा,
पंचवटीवाला