दोन्ही क्रमांनी उत्तर सारखे आले, तरी लिमिट असेलच असे नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शैक्षणिक पुरवणीत दोन चलांच्या फलनांची लिमिट कशी काढावी, यावर परीक्षेच्या तयारीचा लेख आला. त्यातल्या चौकटीत नियम दिला आहे की आधी x शून्याकडे न्यावा, मग y. नंतर क्रम उलटा करावा. दोन्ही उत्तरे सारखी आली तर तीच लिमिट. हा नियम चुकीचा आहे. नौपाड्यात माझ्या घरी एस.वाय.बी.एस्सी.ची मुले शिकायला येतात. त्यातल्या एकीने ते कात्रण वहीत चिकटवून आणले आणि त्याच्या आधाराने गणित सोडवून दाखवले. उत्तर चुकले होते. "पण मॅडम, छापलंय ना तसं!" असे ती म्हणाली, आणि मला तिला दोष देता येईना.

उत्तरे वेगळी आली तर लिमिट नसते, हा नियमाचा अर्धा भाग बरोबर आहे, म्हणून तो आधी घेते. पातेल्यात x मिलिलिटर दूध आणि y मिलिलिटर पाणी आहे असे समजा. मिश्रणातले दुधाचे प्रमाण x/(x+y). आता दूध आणि पाणी दोन्ही शून्याकडे नेले तर हे प्रमाण कशाकडे जाते?

दूध तसेच ठेवून आधी पाणी शून्याकडे नेले, तर x/x म्हणजे १ उरतो. पातेल्यात निव्वळ दूध आहे; मग ते कितीही कमी करा, प्रमाण १ च राहणार. उलट आधी दूध शून्याकडे नेले तर ०/y म्हणजे शून्य. मग पाणी कितीही कमी केले तरी शून्यच. पातेले तेच, सूत्र तेच, शेवटी दोन्ही गोष्टी नाहीशा होणार तेही तेच. फक्त क्रम बदलला आणि १ चा शून्य झाला. आणि पाणी कायम दुधाच्या तिप्पट ठेवून दोन्ही एकदम कमी केली, तर शेवटच्या थेंबापर्यंत प्रमाण पाव राहते. तिपटीऐवजी दुसरे काही घ्या, ० आणि १ यांच्या मधली हवी ती संख्या मिळेल.

असे का होते, यावर वर्गात मी बराच वेळ देते. क्रमाने लिमिट घेताना आधी घ्यायची, म्हणजे आतली लिमिट चालू असते तेव्हा दुसरे चल जागच्या जागी थांबलेले असते. दूध एका मिलिलिटरचा हजारावा भाग असले, तरी शून्याकडे चाललेल्या पाण्यापुढे ते प्रचंडच ठरते. म्हणजे ज्याला आधी शून्याकडे पाठवले ते दुसऱ्याच्या तुलनेत पूर्ण नाहीसे होते. एकत्रित लिमिटमध्ये असे कोणी कोणासाठी थांबत नाही. तिथे (x, y) हा बिंदू शून्यबिंदूच्या जवळ आला एवढीच अट असते, मग तो कुठूनही येवो. तलावपाळीला कोणी स्टेशनकडून येतो, कोणी जांभळी नाक्याकडून, कोणी राम मारुती रोडने. क्रमाच्या दोन लिमिट म्हणजे यातल्या दोनच वाटा.

दोन्ही क्रमांची उत्तरे वेगळी आली तर एकत्रित लिमिट नाही, हे मात्र पक्के. एकत्रित लिमिट L असती, तर शून्याजवळच्या सगळ्या बिंदूंवर फलनाची किंमत L च्या अगदी लगत असती. मग y स्थिर ठेवून x शून्याकडे नेल्यावर जी किंमत मिळते तीही L च्या लगतच असणार, आणि y शून्याकडे गेला की ती L लाच पोहोचणार. दुसऱ्या क्रमालाही हेच लागू. म्हणून दोन वेगळी उत्तरे येऊच शकत नाहीत.

चूक होते ती उलट दिशेने जाताना. आपल्या लेखात सोडवून दाखवलेलेच उदाहरण घ्या: xy/(x²+y²). y स्थिर ठेवून x शून्याकडे नेला तर ०/y² म्हणजे शून्य. दुसऱ्या क्रमानेही शून्य. लेखाच्या नियमाप्रमाणे लिमिट शून्य झाली. आता x आणि y दोन्ही ०.१ घ्या: ०.०१ भागिले ०.०२, म्हणजे अर्धा. दोन्ही ०.००१ घेतले तरी अर्धाच. y = x या रेषेवर शून्यबिंदूच्या कितीही जवळ जा, किंमत अर्ध्यावरून हलत नाही. y = 2x घेतली तर दोन पंचमांश. x = r cos θ, y = r sin θ लिहून पाहिले की कारण दिसते: r पूर्ण कटतो आणि cos θ sin θ उरते. किंमत अंतरावर अवलंबूनच नाही, फक्त दिशेवर आहे. क्रमाच्या दोन्ही लिमिट आपल्याला अक्षांवर नेऊन सोडतात आणि नेमके तिथेच हे फलन शून्य असते.

मग सगळ्या सरळ रेषा तपासाव्या का? तेवढ्यानेही भागत नाही. x²y/(x⁴+y²) हे फलन शून्यातून जाणाऱ्या प्रत्येक सरळ रेषेवर शून्याकडे जाते, पण y = x² या वक्रावरून गेले तर तिथेही अर्धा मिळतो. लिमिट आहे हे सिद्ध करायचे तर वाटा मोजत बसण्याऐवजी फलनाला वरून बांध घालावा लागतो, आणि त्या बांधात दिशा येता कामा नये. उदाहरणार्थ x²y/(x²+y²) हे r cos²θ sin θ होते. दिशा कोणतीही असो, ते आकाराने r पेक्षा मोठे होत नाही. म्हणून लिमिट शून्य, आणि ती खरोखरच आहे.

एक उलटा प्रकारही विद्यार्थ्यांना चकवतो. x sin(1/y) आकाराने कधीच |x| पेक्षा मोठे नसते, म्हणून एकत्रित लिमिट शून्य आहे. पण x स्थिर ठेवून y शून्याकडे नेला तर sin(1/y) वर-खाली होत राहते आणि आतली लिमिटच सापडत नाही. म्हणजे एका क्रमाने लिमिट निघाली नाही, म्हणून एकत्रित लिमिट नाही असेही म्हणता येत नाही.

लेखकाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. सततता असलेल्या फलनांच्या अभिसारी श्रेणीची बेरीजही सतत असते, असे कोशीने १८२१ मध्ये लिहिले होते. तेही दोन लिमिटांचा क्रम विनाअट बदलणेच होते, आणि १८२६ मध्ये आबेलने त्याला अपवाद दाखवला. पण परीक्षा तोंडावर आहे आणि कात्रणे वह्यांत चिकटली आहेत. दुरुस्ती त्याच पानावर, तशाच चौकटीत छापावी, ही विनंती. उत्तरे वेगळी आली तर लिमिट नाही आणि सारखी आली तर अजून काहीच ठरलेले नाही, असा बदल नियमात हवा. शिवाय सोडवलेल्या उदाहरणाखाली 'लिमिट = ०' छापले आहे, तिथे 'लिमिट अस्तित्वात नाही' असे हवे.

आपली,
एक निवृत्त गणित प्राध्यापिका,
नौपाडा, ठाणे (प.)