तीन परके श्वास

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रात्री एक वाजता तू पाठवलेल्या पाच ओळी मी पहाटे चहाच्या वेळी वाचल्या. आईला वाचून दाखवल्या, तेव्हा ती गॅस बंद करून ऐकत उभी राहिली. हॉस्टेलच्या पहिल्या रात्री तुला तांका सुचला, याचं मला फार बरं वाटलं. तू ‘मोजून बघा’ म्हणालीस, म्हणून मोजला.

तांका हा जपानी काव्यप्रकार, त्याच्या पाच ओळींत अक्षरं ५-७-५-७-७, एकूण ३१. चार ओळी बिनचूक आहेत. ‘तीन अनोळखी श्वास’ मात्र आठ भरते : ती-न-अ-नो-ळ-खी-श्वा-स. चूक कुठे झाली असेल तेही लक्षात आलं. ‘तीन’ आपण एका दमात म्हणतो, म्हणून तू ते एकच धरलंस. पण मग ‘श्वास’सुद्धा एकाच दमात येतो, आणि तो तू दोन धरलास. कानाने मोजायचं तर सगळंच कानाने मोजावं लागेल. आपल्याकडे ओवी-अभंगाची अक्षरं लिहिल्याप्रमाणे मोजतात, तीच रीत आपण धरू. जोडाक्षर एक, अनुस्वार वेगळा नाही, शेवटचा ‘त’ किंवा ‘स’ तोंडात अर्धा राहिला तरी पूर्ण. जपानी लोकांची मोजणी आणखी वेगळी आहे. त्यांच्या कानाला ‘तोक्यो’ चार भरतं, कारण त्यातले दोन्ही ‘ओ’ दीर्घ आहेत आणि दीर्घाचे ते दोन धरतात. आपल्या लेखी ती दोनच अक्षरं. म्हणून त्यांची मोजपट्टी आपल्याला जशीच्या तशी लावता येत नाही.

आता ती ओळ. ‘अनोळखी’ऐवजी ‘परके’ घातलं की सात होतात. मीही आधी तेच केलं, पण मन धजेना. ज्या मुलींबरोबर तुला वर्ष काढायचंय त्यांना पहिल्याच रात्री परकं कशाला म्हणायचं? शिवाय खोलीत तुला खरं काय ऐकू येत होतं? त्या झोपल्या होत्या, श्वास संथ चालले होते आणि तू जागी होतीस. ते ‘संथ’ आलं की तुझं जागेपण आपोआप दिसतं. मग शेवटची ‘झोप येत नाहीये’ ही ओळ सात अक्षरांची असूनही नको वाटली, कारण ती नुसतं सांगते. तुला पटलं तर असं ठेव :

लोखंडी कॉट
पंख्याची कुरकुर
दिवा विझला
तिघींचे संथ श्वास
मी मोजत जागीच

तिसरी ओळ तुझीच आहे आणि तिला हात लावू नकोस. तांक्यात वरच्या तीन ओळी आणि खालच्या दोन यांच्यामध्ये एक वळण असतं. तुझं वळण दिव्यापाशी आलंय. दिवा जाईपर्यंत खोलीत वस्तू आहेत, दिवा गेल्यावर माणसं आहेत.

तांक्याला तांक्यानेच उत्तर देण्याची चाल फार जुनी. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या जपानी संग्रहात साडेचार हजारांवर कविता आहेत, बहुतेक तांकाच, आणि एकमेकांना पाठवलेल्या कवितांचा त्यात वेगळा विभाग आहे. त्याच संग्रहात, ७५५ साली सीमेच्या पहाऱ्यावर धाडलेल्या शिपायांनी घर सोडताना आई-वडिलांसाठी रचलेले तांकाही आहेत. म्हणून मीही जोडीचा दुसरा लिहायला बसलो.

पहिल्या खर्ड्यात ‘आठवतेस गं तू’ अशी ओळ होती. मोजली तर बरोब्बर सात, म्हणून टाकवेना. पण तुझ्या ओळींशेजारी ठेवली आणि पोकळ वाटली. तुझ्या ओळींत कॉट आहे, पंखा आहे, माझ्या ओळीत काहीच दिसत नव्हतं. मग त्या रात्री घरात काय घडलं तेवढंच लिहिलं. तू अभ्यासिकेतून यायचीस त्या वेळी मी उठून दार उघडलं होतं. आईने विचारलं, ‘कोण आलंय?’ तेव्हा भानावर आलो.

रात्री अकरा
सवयीने दाराची
कडी काढली
फाटकाशी मोत्याचे
कान अजून उभे

‘मोत्या’त दोनच अक्षरं हं, ‘त्या’ एक. तू तिकडे ऐकत पडली होतीस, मोत्या इकडे ऐकत बसला होता. दोन्ही तांका एकाखाली एक लिहिले की ते जुळतं, म्हणून माझा सुटा वाचू नकोस.

तिघींची नावं कळव. त्यातलं एखादं पाच अक्षरांत बसलं तर पुढच्या तांक्याची पहिली ओळ तयार आहे. आई विचारतेय, गोधडी पुरते ना? पंखा फार कुरकुरत असेल तर वॉर्डनबाईंना सांग, तेल घालून घे.

तुझे,
बाबा